एकच आजी, वीस चित्रं

समजा, मंद्रूपच्या एका बचत गटाला आपली शेंगा चटणी इन्स्टाग्रामवर विकायची आहे. जाहिरातींसाठी त्यांनी एआयकडून एक आजी काढून घेतली: साठीची, गोल चेहऱ्याची, कपाळावर ठसठशीत कुंकू, डाव्या नाकपुडीत चमकी, अंगावर हिरवं इरकल. पहिल्या चित्रात ती उखळात चटणी कुटते आहे. दुसऱ्या चित्रासाठी वर्णन तेच ठेवून ‘शेतात भाकरी खाताना’ एवढंच बदललं, तर शेतात भलतीच बाई बसलेली! नाक लांब झालं, काठ तांबड्याचा जांभळा झाला.

यंत्राला मागचं चित्र आठवत नाही, म्हणून हे घडतं. बहुतेक यंत्रांत प्रत्येक चित्राची सुरुवात निव्वळ रंगीत ठिपक्यांच्या गर्दीतून होते. शब्दांच्या आधाराने यंत्र ती गर्दी टप्प्याटप्प्याने निवळत नेतं आणि तिच्यातून चेहरा वर येतो. आपल्या वर्णनात बसतील अशा आज्या हजारो असतात. ठिपके बदलले की त्यातली दुसरीच समोर येते. सुरुवातीचे ठिपके तेच ठेवले, तरी प्रसंग बदलला की चेहरा सरकतोच.

हाताने काढलेल्या पात्राचं असं होत नाही. मुंबईत सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्या जाहिरात संस्थेत युस्टेस फर्नांडिस यांनी १९६६ साली अमूलची मुलगी काढली, आणि पुढे जयंत राणे यांनी ती कित्येक वर्षं हाताने रेखाटली. निळे केस, ठिपक्यांचा फ्रॉक, चेहऱ्यावर नाकच नाही. तिची ओळख चित्रकाराच्या हातात मुरलेली होती. यंत्राकडे असा हात नाही. त्याला मूळ चित्र दर वेळी समोर ठेवावं लागतं.

ते ठेवल्यावर जे होतं ते फार विलक्षण आहे. चेहरा जपणाऱ्या काही पद्धतींत एक वेगळा भाग आजीचा फक्त चेहरा वाचतो आणि त्याचे ५१२ आकडे करतो. हा भाग असा घडवलेला असतो की एकाच माणसाचे उन्हातले, सावलीतले, समोरून वा बाजूने काढलेले फोटो जवळजवळ सारखेच आकडे देतात. माणूस ओळखू येण्याचं मर्म एवढ्याशा यादीत मावतं! पण त्या यादीत लुगडं नसतं. कपड्यांसाठी यंत्राला मूळ चित्राचे तुकडे पाहून अंदाज बांधावा लागतो, म्हणून चेहरा टिकतो आणि काठ निसटतो.

त्यातही एक अडचण आहे. स्टेबल डिफ्यूजनसारखी यंत्रं थेट चित्रावर काम करत नाहीत. आठ बाय आठ पिक्सेलच्या प्रत्येक चौकोनाचे मोजके आकडे करून त्या आकड्यांवर ती काम करतात. १०२४ पिक्सेल उंचीच्या चित्रात पूर्ण उभी आजी सुमारे ९०० पिक्सेलची धरा. तिचं डोकं त्याच्या सातव्या हिश्शाएवढं, म्हणजे १३० पिक्सेलच्या आसपास. चेहऱ्याची रुंदी ९० आणि एक डोळा १८. आजीच्या डोळ्याच्या रुंदीला जेमतेम दोन चौकोन येतात! मग इरकलीच्या काठावरच्या बारीक नक्षीच्या वाट्याला काय उरणार? दूरच्या चित्रात आजी परकी वाटते ती यामुळे. अशा वेळी फक्त चेहऱ्याचा भाग मोठा करून पुन्हा काढून घ्यावा आणि जागेवर बसवावा.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आजीचे कपडे यंत्राला पेलतील असेच निवडावेत. बारीक नक्षीचा काठ सोडून साधं हिरवं लुगडं, एकच रुंद तांबडा काठ आणि बिननक्षीचं पोलकं ठेवावं. मग तिची तीन चित्रं पक्की करावीत: समोरून, तिरकी आणि बाजूने, मागे कोरी भिंत, उजेड एकसारखा. कपड्यांचं वर्णन एकदा लिहून ठेवावं आणि दर वेळी शब्दही न बदलता तेच वापरावं.

सगळ्यात जास्त घात होतो तो साखळीने. शेतातल्या चित्रावरून बाजारातलं, बाजारातल्यावरून जत्रेतलं काढत गेलं, की प्रत्येक फेरीत थोडी आजी झिजते. लागोपाठची दोन चित्रं शेजारी ठेवली तर फरक जाणवत नाही; पहिलं आणि दहावं ठेवलं की धक्का बसतो. प्रत्येक नवं चित्र त्या मूळ तीन चित्रांवरूनच काढायचं. चटणीच्या पाकिटावरची अक्षरं मात्र यंत्राकडून काढून घेऊ नयेत, खऱ्या लेबलचा फोटो वर चिकटवावा.

तपासणी सोपी आहे. सगळी चित्रं अंगठ्याएवढी करून एका ओळीत लावा. वेगळी आजी लगेच डोळ्यांत भरते. मग मोठी करून बघा: चमकी डावीकडेच आहे ना, पदर डाव्या खांद्यावरच आहे ना. यंत्र डावं-उजवं सहज उलटवतं, आणि ही चूक आपल्या आधी गावातल्या बायकांच्या लक्षात येते. तेव्हा चित्रं टाकण्याआधी त्यांनाच दाखवा.