चुकलेलें उत्तर काय सांगतें ?

(इयत्ता पांचवीच्या वर्गापुढें केलेलें एक लहानसें भाषण)



काल मीं तुम्हांस एकच वजाबाकी घातली होती : ५०३ मधून २६८ वजा करा. वह्या तपासतांना चार निरनिराळीं उत्तरें आढळलीं. बहुतेकांचें उत्तर २३५ आलें व तें बरोबर आहे. उरलेल्यांपैकीं कोणाचें ३६५, कोणाचें १४५, तर कोणाचें ३३५. कोणाचें कोणतें, हें मी सांगणार नाहीं. त्याची जरूरीहि नाहीं.

प्रथम ३६५ घेऊं. एकंच्या घरांत वर ३, खालीं ८. तिनांतून आठ जात नाहींत, म्हणून या विद्यार्थ्यानें आठांतूनच तीन काढून ५ मांडले. दहंच्या घरांत वर शून्य, खालीं ६. तेथेंहि सहांतून शून्य काढून ६ ठेवले. शतंच्या घरांत पांचांतून दोन गेले, राहिले ३. पाहा, त्याची एकहि आकडेमोड चुकलेली नाहीं ! ‘मोठ्यांतून लहान वजा करावें’ हा नियम त्यानें इमानानें पाळला आहे. हा नियम खालच्या इयत्तेंत आम्हां शिक्षकांनींच शिकविलेला असतो. तो सबंध संख्येविषयीं आहे. यानें तो एकेका घराला लावला, एवढेंच.

आतां १४५. खऱ्या उत्तरापेक्षां हें ९० नीं कमी आहे. हे नव्वद गेले कोठें ? अशी कल्पना करा कीं, तुमच्याजवळ शंभराच्या पांच नोटा व रुपयाचीं तीन नाणीं आहेत. दहाची नोट एकहि नाहीं. आठ रुपये द्यावयाचे झाल्यास शंभराची एक नोट मोडावी लागेल. मोड म्हणून दहाच्या दहा नोटा येतील. त्यांतील एक पुन्हां मोडून सुटे रुपये घ्याल, तरी दहाच्या नऊ नोटा हातीं उरतील. या विद्यार्थ्यानें शंभराची नोट मोडली, एकंच्या घरांत दहाच रुपये आणले आणि त्या नऊ नोटा वाटेंतच सोडल्या. मग दहंच्या घरांत शून्यच दिसलें, म्हणून त्यानें दुसरी नोट मोडली. नव्वदांचा हिशेब असा लागतो.

३३५ हें उत्तर नेमकें १०० नीं अधिक आहे. येथें शून्याचे नऊ व तिनाचे तेरा बरोबर झाले. परंतु मोडलेली शंभराची नोट शतंच्या घरांतून कमी केली नाहीं. पांचाचे चार व्हावयाचे, ते पांचच राहिले. ‘शून्याचे नऊ होतात’ हें पाठ झालें, पण ते नऊ कोठून आले, हें ध्यानांत आलें नाहीं.

तीनहि मुलांना माझ्याकडून एकच फुली मिळाली असती, तर तिघांना एकच उपदेश झाला असता : ‘नीट लक्ष दे !’ वास्तविक तिघांना तीन निराळ्या गोष्टी समजावून द्यावयास हव्यात. ब्राउन व बर्टन या अमेरिकन संशोधकांनीं १९७८ सालीं वजाबाकीच्या अशाच चुकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. पुष्कळशा चुका धांदलीच्या नसून मुलानें मनांत धरलेल्या एखाद्या सदोष रीतीच्या असतात, असें त्यांनीं त्यांत दाखविलें.

मात्र एकाच उत्तरावरून निकाल देऊं नये. ३६५ लिहिणाऱ्याला मी आज ७४२ मधून ३१८ वजा करावयास देणार आहें. माझा तर्क खरा असेल, तर त्याचें उत्तर ४३६ येईल. ४२४ हें बरोबर उत्तर आलें, तर कालची चूक दुसऱ्याच कारणानें झाली असें समजून पुन्हां शोध करावा लागेल.

उलट, मीं काल ७८६ मधून २४३ वजा करावयास सांगितले असते, तर ? तेथें कोठेंच नोट मोडावी लागत नाहीं. सर्वांनीं ५४३ लिहिलें असतें, सर्वांना पूर्ण गुण मिळाले असते, आणि तिघांच्या मनांतील चुकीची रीत मला कळलीहि नसती !

म्हणून एक विनंति. चुकलेलें उत्तर रबरानें खोडूं नका. त्यावर एक बारीक रेघ मारा व शेजारीं दुसरें लिहा. खोडलेल्या जागीं मला कागद तेवढा दिसतो, तुमचा विचार दिसत नाहीं. घरीं वडील माणसांनीं वही पाहिली, तर त्यांनींहि ‘चुकलें कसें ?’ असें न विचारतां ‘केलें कसें ?’ असें विचारावें. पहिल्या प्रश्नानें मूल गप्प बसतें, असा माझा अनुभव आहे.

आतां वह्या उघडा. ९०२ मधून ४५७ वजा करा. उत्तर ४४५ यावयास हवें. कोणाचें ५५५, ३५५ किंवा ५४५ आल्यास, तें वरील तिघांपैकीं कोणाच्या रीतीनें आलें, हें ज्याचें त्यानें शोधून उत्तराखालीं लिहावें.