आठ घरांचं कार्ड

'दहा वेळा या, अकराव्या वेळी मोफत' असं छापलेलं कार्ड बऱ्याच पार्लरमध्ये मिळतं. ते पर्समध्ये जातं, दोन शिक्के पडतात आणि मग ते कुणालाच आठवत नाही. खरं तर साधा हिशेब केला असता तर हे कार्ड छापतानाच खटकलं असतं. वॅक्सिंग किंवा हेअरकटसाठी दर सहा-सात आठवड्यांनी येणाऱ्या बाईला दहा शिक्के जमवायला वर्षाहून अधिक काळ लागतो. इतक्या लांबच्या बक्षिसासाठी कुणी आपली भेट आठवडाभर अलीकडे ओढत नाही. आणि कार्डाचं काम नेमकं तेच असतं. जे गिऱ्हाईक येतच आहे, ते थोडं लवकर यावं.

बक्षीस जवळ दिसू लागलं की माणसाचा वेग वाढतो. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या एका कॅफेत हे मोजून पाहिलं गेलं, आणि रॅन किवेट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ते प्रसिद्ध केलं. काही गिऱ्हाइकांना दहा शिक्क्यांचं कोरं कार्ड दिलं, तर काहींना बारा घरांचं, पण दोन शिक्के आधीच मारलेलं. दोघांनाही कॉफी दहाच घ्यायच्या होत्या. तरी कोऱ्या कार्डवाल्यांना सरासरी १५.६ दिवस लागले आणि दोन शिक्के असलेल्यांना १२.७. त्याच वर्षी जोसेफ न्यून्स आणि झेव्हियर ड्रेझ यांनी गाड्या धुणाऱ्या एका केंद्रावरचा असाच प्रयोग मांडला. आठ शिक्क्यांची कोरी कार्डं १९ टक्के लोकांनी पूर्ण केली, तर दहापैकी दोन शिक्के आधीच दिलेली कार्डं ३४ टक्के लोकांनी. सुरुवात झालेली आहे असं वाटलं की ती अर्ध्यावर सोडवत नाही.

आता हे आपल्या पार्लरला लावून पाहू. समजा, तालुक्याच्या गावातलं दोन खुर्च्यांचं लेडीज पार्लर आहे. वॅक्सिंग, हेअरकट, फेशियल असं काही करणाऱ्या नेहमीच्या बाईचं बिल साधारण ४०० रुपये होतं आणि ती सात आठवड्यांनी येते. अशा ठिकाणी कार्ड आठ घरांचं करावं आणि दोन शिक्के पहिल्याच दिवशी मारून द्यावेत, म्हणजे भरायची उरतात सहा. फुकटचे शिक्के कशाबद्दल, ते मात्र सांगावं. 'दिवाळीनिमित्त दोन शिक्के आमच्याकडून' एवढं पुरतं. कारण न सांगता दिलेली सवलत ही नुसती छपाईतली युक्ती वाटते.

बक्षीस निवडताना त्याची दरपत्रकातली किंमत एकीकडे ठेवावी आणि आपल्याला पडणारा खर्च दुसरीकडे. ४०० रुपयांचं क्लीनअप मोफत दिलं तर क्रीम, स्क्रब, पॅक मिळून समजा १०० रुपये जातात. गिऱ्हाइकाला मात्र ४०० रुपये मिळाल्यासारखे वाटतात. सात आठवड्यांवरून ती सहा आठवड्यांवर आली तर वर्षाला साधारण एक भेट वाढते. त्या भेटीच्या ४०० रुपयांतून सामानाचा खर्च वजा जाता ३०० उरतात असं धरू. वर्षभरात तिला दीड बक्षीस मिळेल, म्हणजे खर्च १५० रुपये. उरले १५०. पण हेच क्लीनअप रविवारी दिलं आणि त्या वेळेत पैसे देणारी दुसरी बाई परत गेली, तर सगळा हिशेब उलटतो. म्हणून मोफत क्लीनअप मंगळवार ते गुरुवार, जेव्हा खुर्ची रिकामीच असते. योजना फायद्यात जाणार की तोट्यात, हे बरंचसं या एका अटीवर ठरतं.

पुढचा प्रश्न शब्दांचा. काउंटरवरची बहुतेक वादावादी दोन गोष्टींवरून होते: शिक्का कशाला मिळतो आणि फुकट नेमकं कधी. 'सहाव्या वेळी मोफत' म्हटलं की सहावी भेटच फुकट की त्यानंतरची, हे दोघींना वेगवेगळं वाटतं. शिक्का प्रत्येक कामाला दिला तर एकाच दिवशी तीन कामं करून तीन शिक्के मागितले जातात आणि लवकर येण्याचं कारणच उरत नाही. म्हणून शिक्का भेटीला. बिलाची मर्यादा नेहमीच्या बिलापेक्षा थोडी खाली ठेवावी, म्हणजे सर्वसाधारण भेट तिच्यात बसते आणि नुसत्या थ्रेडिंगवर कार्ड भरत नाही. मजकूर असा चालेल:

'३०० रुपये किंवा त्याहून जास्त बिलाच्या प्रत्येक भेटीला एक शिक्का. आठ घरं भरली की पुढच्या भेटीत क्लीनअप मोफत (मंगळवार ते गुरुवार, आधी फोन करून). कार्ड दिल्यापासून एक वर्ष चालेल. कार्ड हरवलं तरी चिंता नको, तुमचे शिक्के आमच्या वहीत आहेत.'

यात 'अटी लागू' हे शब्द नाहीत, कारण सगळ्या अटी समोरच आहेत. मुदतही हिशेबाने आली आहे. सहा भेटी गुणिले सात आठवडे म्हणजे जवळपास दहा महिने. तीन-चार महिन्यांची मुदत घातली तर नेहमीची बाईसुद्धा अपुरी पडते आणि बक्षिसाऐवजी राग घेऊन जाते. शेवटच्या वाक्यासाठी वही खरोखर ठेवावी लागते: मोबाइल नंबर, तारीख, शिक्का.

आकार व्हिजिटिंग कार्डाचाच असावा, नाहीतर ते पर्समध्ये राहत नाही. शिक्क्यांची बाजू ग्लॉसी किंवा लॅमिनेशन केलेली नको, कारण त्यावर शाई वाळत नाही आणि पुसली जाते. घरं चार-चारच्या दोन ओळींत, प्रत्येक घर दीड सेंटिमीटरचं. बाजारात सहज मिळणारा फुलाचा किंवा ताऱ्याचा शिक्का कुणीही घरी मारू शकतं, म्हणून तारखेचा शिक्का आणि त्यावर सही. घरांखाली एक ओळ मोकळी ठेवावी: 'पुढची भेट: ____'. निघताना तिथे हाताने तारीख लिहून दिली तर 'पुन्हा या' या मोघम निरोपाला दिवस मिळतो. ही तारीख कामाला धरूनच द्यावी. वॅक्सिंगनंतर साधारण चार आठवडे, रंग लावलेल्या केसांच्या मुळांसाठी चार ते सहा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, ते कार्डामुळे जास्त वाढणार नाहीत. कार्ड फक्त लांबणीवर पडलेली भेट अलीकडे आणू शकतं.

कोलंबियाच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. बक्षीस मिळाल्यावर लोकांचा वेग पुन्हा मंदावतो. म्हणून मोफत क्लीनअपच्या दिवशीच नवं कार्ड हातात द्यावं, तेही सुरुवातीच्या दोन शिक्क्यांसह.

योजना चालली की नाही हे भरलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावरून कळत नाही. ती कार्डं एरवीही येणाऱ्यांची असू शकतात. कार्ड सुरू करण्याआधी वहीतून वीस-तीस नेहमीच्या बायकांच्या मागच्या तीन भेटींमधलं अंतर काढून ठेवावं आणि वर्षाने पुन्हा तेच मोजावं. अंतर कमी झालं नसेल तर आपण जुन्या गिऱ्हाइकांना केवळ सूट वाटली. बहुतेक कार्डं चौथ्या-पाचव्या घरावर अडकत असतील तर घरं कमी करावीत. आणि भरलेली कार्डं घेऊन बायका क्लीनअपला येतच नसतील तर बक्षीस बदलावं, कारण त्यांना कदाचित हेअर स्पा हवा असेल. ते त्यांनाच विचारून पुढच्या छपाईत घालावं.