चॅटमध्ये उमटलेलं `:wq`

`:wq` ही व्हिम नावाच्या टेक्स्ट एडिटरमधली आज्ञा आहे. `w` म्हणजे फाईल सेव्ह करा, `q` म्हणजे एडिटर बंद करा. प्रोग्रॅमर आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या चॅटमध्ये मात्र ही तीन अक्षरं अधूनमधून एकटीच, आगापिछा नसताना उमटतात. लिहिणाऱ्याला ती तिथे लिहायचीच नसतात. आपण व्हिममध्ये आहोत अशा समजुतीने त्याने ती टाईप केलेली असतात, आणि चालू विंडो असते चॅटची. बाकीचे हसतात, कुणी उत्तरादाखल `:q!` लिहितो (ही आज्ञा म्हणजे बदल टाकून देऊन बाहेर पडणे), आणि विषय तिथेच संपतो. पण ही चूक निष्काळजीपणापेक्षा यंत्रांच्या रचनेतून जास्त येते.

व्हिमचा पूर्वज ‘व्हीआय’ हा एडिटर बिल जॉय यांनी 1976च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात लिहिला. तेव्हा त्यांच्या टर्मिनलला माऊस नव्हता, कीबोर्डवर बटणं मोजकी होती, आणि जॉय घरून ज्या मोडेमवर काम करत त्याचा वेग सेकंदाला जेमतेम तीस अक्षरांचा होता. त्यामुळे एकाच बटणाला दोन कामं देण्यात आली. एका अवस्थेत `w` दाबलं की पडद्यावर `w` हे अक्षर उमटतं, दुसऱ्या अवस्थेत तेच बटण कर्सरला पुढच्या शब्दावर नेतं. या अवस्थांना ‘मोड’ म्हणतात. लिहिण्याच्या मोडमधून बाहेर यायला एस्केपचं बटण. जॉय वापरत असलेल्या एडीएम-3ए या टर्मिनलवर ते आज टॅबचं बटण असतं त्या जागी, म्हणजे करंगळीखालीच होतं. `w` आणि `q` ही अक्षरं त्याहून जुनी, केन थॉम्पसन यांच्या ‘ईडी’ या एडिटरमधली. पुढचा कोलन ‘ईएक्स’ या मधल्या पिढीचा. ब्राम मूलेनार यांनी 1991मध्ये व्हिम प्रसिद्ध केला तेव्हा हा सगळा वारसा त्यात जसाच्या तसा आला.

या एडिटरमधून बाहेर कसं पडायचं, हेच नवख्याला कळत नाही. प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांसाठी असलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोवर हा प्रश्न 2012मध्ये विचारला गेला आणि 2017पर्यंत तो दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला. चॅटमध्ये `:wq` टाकणारा माणूस मात्र नवखा नसतो. नवख्याला ही आज्ञा आठवावी लागते, मुरलेल्याची बोटं ती आपसूक उमटवतात. एस्केप, कोलन, `w`, `q`, एंटर ही पाच पावलं त्याच्या हाताला एकच हालचाल वाटते. एकदा सुरू झाली की मध्ये थांबत नाही. म्हणजे ही चूक सरावाने कमी होत नाही, उलट सरावामुळेच होते.

प्रत्यक्षात ती कशी घडते, हे पाहण्यासारखं आहे. समजा टेबलावर दोन पडदे आहेत. डावीकडे टर्मिनलमध्ये `nginx.conf` ही वेबसर्व्हरची फाईल व्हिममध्ये उघडी आहे, उजवीकडे चॅट. फाईलमध्ये एक ओळ बदलली, तेवढ्यात सहकाऱ्याचा निरोप आला. चॅटवर क्लिक करून दोन शब्दांत उत्तर दिलं आणि नजर पुन्हा डावीकडे वळवली. बदललेली ओळ बरोबर दिसते आहे, म्हणून हाताने नेहमीची पाच बटणं दाबली. पण कीबोर्ड नजरेमागे जात नाही, तो शेवटच्या क्लिकमागे जातो. एस्केपचा चॅटवर बहुधा काही परिणाम झाला नाही, `:wq` खोक्यात पडलं आणि एंटरने ते सगळ्यांना रवाना झालं.

खरी मेख या एंटरमध्ये आहे. हीच गफलत पत्र लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये झाली, तर मजकुरात तीन फालतू अक्षरं राहतात आणि पुढे कधीतरी खोडली जातात. चॅटमध्ये एंटर म्हणजे पाठवणे. चॅटला स्वतःच्या आज्ञा असल्या तरी त्यांचं चिन्ह वेगळं असतं. 1988मध्ये फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी बनवलेल्या आयआरसी या जुन्या चॅटपद्धतीत आज्ञा तिरप्या रेघेने सुरू होते. `/quit` लिहिलं की माणूस बाहेर पडतो, रेघ नसलेलं बाकी सगळं बोलणं समजून पुढे जातं. कोलनवाली ओळ म्हणूनच बिनबोभाट निघून जाते. उलटी चूकही होते: व्हिममध्ये `/quit` लिहिलं तर व्हिम तो शब्द फाईलमध्ये शोधू लागतो.

मराठी टाईप करणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक मोड येतो, कीबोर्डच्या भाषेचा. इन्स्क्रिप्ट चालू राहिला तर त्याच तीन बटणांतून `छैौ` उमटतं. व्हिमला ती आज्ञा वाटत नाही, आणि चॅटमधल्या वाचणाऱ्याला तर अर्थबोधच होत नाही.

चॅटमधली ओळ हे या चुकीचं दिसणारं टोक. न दिसणारं टोक जास्त महाग पडू शकतं: फाईल सेव्ह झालेली नसते. वरच्या उदाहरणात माणूस ओशाळून हसतो, ओळ पुसतो, दुसऱ्या टर्मिनलमध्ये सर्व्हरला नवी मांडणी वाचायला सांगतो आणि काहीच बदललं नाही म्हणून बुचकळ्यात पडतो. सर्व्हरने जुनीच फाईल वाचलेली असते, कारण नवी ओळ अजून व्हिमच्या स्मृतीतच आहे. तशात टर्मिनल बंद झालं, तर व्हिमने शेजारी ठेवलेली `.nginx.conf.swp` ही फाईल बहुतेक बदल परत देऊ शकते. पुढच्या वेळी मूळ फाईल उघडताना व्हिम `E325: ATTENTION` असा इशारा देतो. तो न वाचता पुढे गेलं, की गोंधळ वाढतो.

सेव्ह झालं की नाही, हे ओळखणं अवघड नाही. नुसतं `:w` दिलं, तर व्हिम खालच्या ओळीत फाईलचं नाव, ओळींची संख्या आणि शेवटी `written` असं लिहितो. `:wq`नंतर एडिटर जाऊन टर्मिनलची ओळ समोर येते. यातलं काहीच झालं नसेल, तर बटणं दुसरीकडे गेली असं समजावं. पुष्कळ टर्मिनलमध्ये आणखी एक खूण असते: विंडो चालू असताना कर्सरचा चौकोन भरीव, नसताना पोकळ. पासवर्डच्या बाबतीत ही खूण विशेष उपयोगी पडते, कारण टर्मिनलमध्ये पासवर्डची अक्षरं मुळातच दिसत नाहीत. ती उमटत नाहीत म्हणून कुणाला संशय येत नाही, आणि `:wq`ऐवजी पासवर्डच चॅटमध्ये गेला तर ओळ पुसून भागत नाही, तो बदलावाच लागतो.

एंटरने निरोप न पाठवता नवी ओळ सुरू व्हावी, अशी सोय काही चॅट प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये असते. दिवसभर टर्मिनलवर काम करणाऱ्यांनी ती चालू करून घ्यावी. त्यानंतरही कधी चॅटमध्ये `:wq` गेलंच, तर ते पुसण्याआधी व्हिमवर क्लिक करून फाईल सेव्ह करावी.