कढईच्या बुडाची खरवड

कुरुंदवाड काय किंवा कोल्हापूर काय, मटणाचा बेत असला की दोन्ही रश्शांचं मूळ एकच असतं. हळद, आलं-लसूण आणि थोडं मीठ लावून मटण शिजवायचं आणि त्याचं अळणी पाणी बाजूला काढायचं. त्यातलं काही पांढऱ्या रश्शात जातं, काही तांबड्यात. सुकं मटण करताना मात्र याच पाण्याला आणखी एक काम देता येतं, आणि माझ्या मते सुक्याची निम्मी चव त्यावर ठरते. ते काम म्हणजे कढईच्या बुडाला चिकटलेली तपकिरी खरवड सोडवून घेणं. पाश्चात्त्य स्वयंपाकात याला डीग्लेझ करणं म्हणतात.

आधी ही खरवड कशी तयार होते ते पाहू. पाणी शंभर अंशांवर उकळतं, त्यामुळे रश्शात बुडालेलं मटण त्यापेक्षा फारसं तापत नाही. ते मऊ होतं, पण तपकिरी होत नाही. तेच तुकडे कोरडे करून तापल्या तेलात टाकले की त्यांचा पृष्ठभाग सुकतो आणि एकशेचाळीस अंशांच्या आसपास त्यातली प्रथिनं आणि साखरेचे अंश एकमेकांशी जोडले जाऊ लागतात. त्यातून खमंग वासाचे आणि तपकिरी रंगाचे शेकडो नवे पदार्थ बनतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी 1912 साली या क्रियेचं वर्णन केलं. तुकड्यांतून ओघळलेला रसही कढईच्या तळाशी असाच भाजतो आणि पातळ थर होऊन चिकटतो. थोडक्यात, मटणाच्या भाजण्यातला एक वाटा तुकड्यांवर राहतो आणि दुसरा भांड्याला लागतो. नॉनस्टिक कढईत हा थर जवळजवळ धरतच नाही, म्हणून इथे लोखंडी किंवा जाड बुडाची स्टीलची कढई हवी.

आता अर्धा किलो मटणाचं उदाहरण घेऊ. शिजलेले तुकडे पाण्यातून काढून चाळणीवर निथळू द्या. कढईत तीन चमचे तेल चांगलं तापवा आणि तुकडे दोन हप्त्यांत टाका. सगळे एकदम टाकले तर त्यांचंच पाणी सुटतं, कढई थंड पडते आणि तुकडे परतले जाण्याऐवजी वाफेवर उकडतात. चुरचुर आवाज सतत येत राहिला पाहिजे. तो मंदावला तर गर्दी झाली असं समजा. टाकल्यावर लगेच हलवूही नका. खालची बाजू भाजली की तुकडा बराचसा आपणहून सुटतो.

तुकडे ताटलीत काढलेत की बुडाकडे नीट बघा, कारण पुढचं सगळं त्या रंगावर अवलंबून आहे. रंग गव्हाळ ते गडद तपकिरी असेल तर ठीक. काळा पडला असेल आणि वासाने नाक मुरडावंसं वाटत असेल, तर तो थर करपलेला आहे. तो रश्शात मिसळला तर कडूपणा सगळीकडे पसरतो आणि गूळ किंवा खोबरं घालूनही जात नाही. अशा वेळी कढई घासून नव्याने सुरुवात करावी.

रंग बरोबर असेल तर जास्तीचं तेल काढून घ्या आणि मध्यम आचेवर अर्धी वाटी गरम अळणी पाणी ओता. पाणी गरम असलेलं बरं. थंड पाण्याने बिडाच्या कढईला तडा जाऊ शकतो. पाणी पडताच वाफेचा लोट उठेल, तेव्हा चेहरा जरा लांब ठेवा. खरवडीतले बरेच चवदार अंश पाण्यात विरघळणारे असतात, तेलात ते सुटत नाहीत. पाणी थरात शिरतं, थर फुगतो आणि लाकडी उलथन्याने बूड खरवडलं की मोकळा होतो. मिनिटभरात तळ स्वच्छ दिसू लागतो आणि पाणी तपकिरी होतं. ते निम्मं आटवा.

कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि कांदा-लसूण मसाला त्यानंतरच घाला. मिरचीपूड कोरड्या तापल्या तळावर क्षणात जळते, इथे मात्र तिला ओलावा मिळालेला असतो. वाटणातल्या कांद्याची आणि खोबऱ्याची साखरही पुन्हा बुडाला लागेल. ती लागली की दोन चमचे पाणी घालून परत खरवडा. असं दोन-तीनदा केलं की रंग गडद होत जातो आणि तेल सुटतं. मग तुकडे घाला.

अळणी पाण्यातलं मीठ आटताना दाट होतं, म्हणून मीठ शेवटी चव घेऊनच घालावं. रस्सा दाटही होईल अशी अपेक्षा मात्र खरवडीकडून ठेवू नये. दाटपणा वाटणातून आणि हाडांतून उतरलेल्या जिलेटिनमधून येतो, खरवड फक्त चव आणि रंग देते. टोमॅटो किंवा कोकम घालायचं असेल तर लोखंडी कढईत ते फार वेळ उकळू देऊ नये. आंबटामुळे लोखंड उतरतं, रस्सा काळपट होतो आणि जिभेला धातूची चव लागते.

पांढऱ्या रश्शाला यातलं काहीच नको. त्यात हेच अळणी पाणी नारळाच्या दुधाबरोबर मंद आचेवर तापतं, बुडाला काही लागू द्यायचं नसतं. चुकून लागलंच तर खरवडू नये, वरचा रस्सा हलकेच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावा.