वाफेची उतरण

दसऱ्याच्या आसपास आपल्याकडच्या साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपन होते. पूजा होते, भट्टीत अग्नी पडतो आणि गळीत हंगामाची चाहूल लागते. अंथुर्ण्याच्या एका अंगाला भवानीनगरचा श्री छत्रपती कारखाना आहे, दुसऱ्या अंगाला साखर कारखान्यांची यंत्रे घडवणारे वालचंदनगर. या पट्ट्यात उसाइतकीच आता बगॅसपासून होणाऱ्या विजेची चर्चा असते. त्या चर्चेत एक प्रश्न हमखास निघतो: बगॅस जाळून जेवढी उष्णता निघते तिच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याची वीज होते, मग बाकीची जाते कुठे? यंत्रच निकामी म्हणायचे का?

यंत्राचा दोष त्यात थोडा असतो. मोठा वाटा एका मर्यादेचा आहे, आणि ती कोणत्याही कारागिराला ओलांडता येत नाही. १८२४ मध्ये सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने एका पुस्तकात ती दाखवून दिली. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, १८३२ साली तो पटकीने गेला. त्याच्या हयातीत त्या पुस्तकाकडे फारसे कोणी पाहिले नाही.

कार्नोने उष्णतेची तुलना पडणाऱ्या पाण्याशी केली होती. आपल्याला ती समजायला नीरा डावा कालवा पुरे. कालव्यात पाणी कितीही असो, सपाट जागी त्याच्यावर चाक फिरणार नाही. चाक फिरते ते पाणी वरून खाली पडते तेव्हा, आणि किती काम मिळेल हे पडण्याच्या उंचीवर ठरते. उष्णतेचेही तसेच आहे. नुसती उष्णता असून भागत नाही, तिला गरम जागेवरून थंड जागी उतरावे लागते. त्या उतरणीवर टर्बाइन बसवले तर काम मिळते, नाही बसवले तर उष्णता उतरून जाते आणि हाती काही राहत नाही.

एका बाबतीत मात्र कार्नो चुकला होता. चाकावरून पडलेले पाणी जसेच्या तसे खाली मिळते, तशी उष्णताही खाली पूर्ण उरते असे त्याला वाटे. प्रत्यक्षात जेवढे काम निघते तेवढी उष्णता कमी होते. पुढे क्लॉसियस आणि केल्विन यांनी ही दुरुस्ती केली, पण कार्नोने सांगितलेली मर्यादा तशीच टिकली.

मर्यादेचा हिशेब सोपा आहे. दोन्ही तापमानांत २७३ मिळवायचे, म्हणजे ती केल्विनमध्ये येतात. मग खालच्या तापमानाला वरच्याने भागून उत्तर एकातून वजा करायचे. जे उरेल त्याहून मोठा हिस्सा कामात बदलता येत नाही. बदलता आला असता, तर अशा यंत्राच्या जोरावर दुसरे यंत्र उलटे चालवून उष्णता आपोआप थंडाकडून गरमाकडे चढवता आली असती. तसे निसर्गात कधी घडत नाही.

आता हे आकडे कारखान्यात नेऊन बसवू. मी एखाद्या विशिष्ट कारखान्याचे नाही, तर सहवीजनिर्मितीच्या प्रकल्पांत सर्रास दिसणारे आकडे घेतो. बॉयलर ६७ किलो दाबाचा, टर्बाइनकडे जाणारी वाफ ४८५ अंशांची, आणि काम करून झालेली वाफ कंडेन्सरमध्ये ४६ अंशांना पाणी होते. केल्विनमध्ये वरचे ७५८, खालचे ३१९. मर्यादा आली ५८ टक्के.

पण इथेच थांबलो तर फसगत होईल, कारण सगळी उष्णता वाफेला ४८५ अंशांवर मिळत नाही. पंपाने बॉयलरमध्ये ढकललेले पाणी ४६ अंशांचे आहे असे धरा. आधी ते तापत तापत २८३ अंशांपर्यंत जाते, कारण ६७ किलो दाबाखाली पाणी त्या तापमानाला उकळते. मग तिथेच थांबून त्याची वाफ होते. त्यानंतर सुपरहीटरच्या नळ्यांतून जाताना ती वाफ ४८५ अंशांना पोचते. एकूण उष्णतेचे शंभर वाटे केले तर पाणी तापवायला ३३, उकळायला ४८ आणि वाफ आणखी तापवायला फक्त १९ वाटे लागतात. म्हणजे ८१ वाटे २८३ अंशांच्या आतच आत शिरले. सगळ्याची योग्य सरासरी काढली तर उष्णता साधारण २४६ अंशांवर शिरली असे म्हणावे लागते. आता केल्विनमध्ये वरचे ५१९, खालचे ३१९, आणि मर्यादा ३९ टक्क्यांच्या आत उतरते. टर्बाइनमध्ये घर्षण नाही, गळती नाही असे धरूनही एवढेच.

यापुढचे नुकसान मात्र यंत्राचे. बगॅसमध्ये निम्मे पाणी असते. ते वाफ होऊन चिमणीतून जाताना उष्णता घेऊन जाते, त्यामुळे बगॅसच्या शंभर वाट्यांतले सुमारे सत्तरच बॉयलरच्या वाफेत उतरतात. त्या सत्तरांतून मर्यादेप्रमाणे २७ मिळू शकतात. टर्बाइन आणि जनरेटर मिळून त्यातले ऐंशी टक्के हाती देतात असे धरले, तर उरतात बावीसेक. पाचवा हिस्सा तो हाच.

मग वाफ आणखी गरम का करत नाहीत? भट्टीतली ज्वाळा तर हजार अंशांच्या आसपास असते. तिच्याइतक्या तापमानावर सगळी उष्णता घेता आली असती तर मर्यादा पंचाहत्तर टक्क्यांना भिडली असती. पण ज्वाळा आणि वाफ यांच्यामध्ये पोलादी नळीची भिंत आहे. हजार अंशांवरची उष्णता ती भिंत ओलांडून दोन-तीनशे अंशांच्या पाण्यात कोसळते, आणि तेवढ्या उतरणीवर एकही चाक बसवलेले नाही. माझ्या मते वाफेच्या यंत्रातले सर्वांत मोठे नुकसान हेच आहे. ते बाहेरून दिसत नाही, कारण तिथे एक कॅलरीही हरवत नाही, हरवते ती उंची. नळीचे पोलाद तापून लाल झाले की दाबाखाली हळूहळू ताणत जाते आणि शेवटी फुटते. शिवाय बगॅसच्या राखेतले क्षार गरम नळीवर चिकटून तिला खातात. म्हणून वाफेचे तापमान बेताने वाढवावे लागते.

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे ज्वाळा सिलिंडरच्या आतच पेटते, मध्ये भिंत नाही. वायू क्षणभर दोन हजार अंशांकडे जातो आणि भिंतीभोवती थंड पाणी खेळत असल्याने धातू वाचतो. पण पिस्टन खाली येऊन थांबतो तेव्हाही वायू कित्येक शे अंश गरमच असतो आणि तसाच धुरांड्यातून सुटतो. वरची पायरी उंच, पण खालचीही उंच. म्हणून असे छोटे इंजिनही तीस टक्क्यांच्या आसपासच राहते.

खालच्या पायरीकडे आपले लक्ष कमी जाते, आणि ते चुकीचे आहे. मे महिन्यात कूलिंग टॉवरचे पाणी पुरेसे थंड होत नाही. समजा त्यामुळे कंडेन्सरमधली वाफ ४६ ऐवजी ५४ अंशांना पाणी होऊ लागली. आठच अंशांचा फरक, पण त्याच वाफेतून मिळणारे काम चार टक्क्यांनी घटते. वरची सरासरी आठ अंशांनी वाढवून एवढी भरपाई होत नाही, आणि वरचे आठ अंश मिळवायला महागड्या नळ्या लागतात.

पाणी गरम असण्याला इलाज थोडा आहे, पण कंडेन्सर बिघडल्यानेही हेच होते आणि त्याला इलाज आहे. व्हॅक्यूम कमी झाला की दोन संशय घ्यायचे. वाफेचे तापमान आणि बाहेर पडणाऱ्या थंड पाण्याचे तापमान यांतले अंतर दिवसेंदिवस वाढत असेल, तर नळ्यांत क्षार बसले आहेत. आपल्या भागातले जड पाणी लक्षात घेता हे सहज होते. पण कंडेन्सरमधला दाब खाली जमलेल्या पाण्याच्या तापमानाशी जुळत नसेल, त्याहून जास्त असेल, तर कुठेतरी बाहेरची हवा आत शिरते आहे. आधी टर्बाइनच्या ग्लँडकडे पाहावे.

हे तपासताना उंची विसरू नये. आपला परिसर समुद्रसपाटीपासून सव्वापाचशे-साडेपाचशे मीटर वर आहे, इथे हवेचा दाब ७६० नव्हे, सुमारे ७१२ मिलिमीटर असतो. कंडेन्सर ४६ अंशांवर असताना समुद्रकिनाऱ्यावरचा व्हॅक्यूम गेज ६८४ दाखवील, तर आपल्याकडचा ६३६. किनाऱ्यावरच्या आकड्याशी तुलना करून चांगल्या कंडेन्सरला दोष दिला, तर गळती शोधण्यात दिवस फुकट जातील.

गळीत हंगामात कारखाना याहून वेगळे करतो आणि मला ते फार शहाणपणाचे वाटते. रस आटवायला वाफ लागतेच. म्हणून टर्बाइनमधून वाफ दीड किलो दाबाला, १२७ अंशांवरच बाहेर काढतात आणि इव्हॅपोरेटरकडे पाठवतात. खालची पायरी मुद्दाम वर ठेवल्याने विजेची मर्यादा घसरते, पण उरलेली उष्णता टॉवरमधून हवेत न जाता रसात जाते.

जुन्या २१ किलोच्या, ३४० अंशांच्या बॉयलरची वाफ अशा रीतीने १२७ अंशांपर्यंत उतरताना किलोमागे जास्तीत जास्त ४६६ किलोज्यूल काम देऊ शकते. ६७ किलोची, ४८५ अंशांची वाफ तीच उतरण उतरताना ७७५ देते. ती तयार करायला उष्णता मात्र दहा टक्केच जास्त लागते, कारण पाणी उकळण्याचा मोठा खर्च दोन्हीकडे करावाच लागतो. रसाला जवळपास तितकीच उष्णता मिळते आणि कामाची मर्यादा दीडपटीहून वर जाते. उंच दाबाचे बॉयलर बसवण्यामागचा हिशेब हा आहे.

तेव्हा कारखान्याच्या वार्षिक सभेत विजेचा विषय निघाला, की किती बगॅस जळाले एवढेच विचारू नका. टर्बाइनकडे येणाऱ्या वाफेचा दाब आणि तापमान विचारा, आणि कंडेन्सरचा व्हॅक्यूम किती होता तेही विचारा.