जाहिरातीतला एसी आणि भिंतीवरचा एसी

फेब्रुवारी संपत आला की एसीच्या दुकानांवर फलक लागतात आणि मोबाइलवर जाहिराती फिरू लागतात. मजकूर बहुतेक वेळा असा असतो: ‘उन्हाळापूर्व महासेल! दीड टन 5 स्टार इन्व्हर्टर एसी फक्त 37,990 रुपयांपासून. इन्स्टॉलेशन मोफत. जुना एसी द्या, 5,000 रुपयांपर्यंत सूट मिळवा. अटी लागू.’ यात खोटे काही नसते. पण एसी हा फ्रिजसारखा खोक्यातून काढून प्लग लावायचा माल नाही. अर्धा एसी कारखान्यात तयार होतो आणि उरलेला तुमच्या भिंतीवर. त्यामुळे या ओळींमधला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘इन्स्टॉलेशन’ आहे, आणि गिऱ्हाईक नेमका तोच ‘मोफत’ वाचून पुढे जातो.

मोफत असते ती फक्त ठरावीक जोडणी, म्हणजे दोन्ही युनिटे बसवायची मजुरी. बहुतेक कंपन्या स्प्लिट एसीच्या खोक्यात साधारण तीन मीटर तांब्याचा पाइप देतात. त्यापुढचा प्रत्येक मीटर, आउटडोअर युनिटचे लोखंडी स्टँड, भिंतीला पाडायचे भोक, पाण्याच्या निचऱ्याचा जादा पाइप आणि विजेचा वेगळा पॉइंट यांचे पैसे बहुतेक ठिकाणी निराळे लागतात.

उदाहरण घेऊ. बेडरूमच्या आतल्या भिंतीवर इनडोअर युनिट आणि पलीकडच्या गॅलरीत आउटडोअर, मधले अंतर सहा मीटर. जादा तीन मीटर पाइप 900 रुपये मीटरने 2,700, स्टँड 900, काँक्रीटला भोक 500, एमसीबीसह विजेचा पॉइंट 1,500. झाले 5,600 रुपये. दर गावागणिक बदलतील, पण प्रमाण लक्षात घ्या: जी मजुरी माफ झाली ती दीड हजाराच्या आसपासची, आणि खिशातून गेले त्याच्या तिपटीहून जास्त. म्हणून खरेदीआधीच दुकानदाराला जागेचे फोटो आणि पाइपच्या मार्गाचे माप द्यावे आणि जादा साहित्याचे दर बिलाच्या मागे लिहून घ्यावेत. मेकॅनिक शिडीवर चढल्यावर घासाघीस करता येत नाही.

पैशांपेक्षा जास्त नुकसान घाईच्या जोडणीने होते. आउटडोअर युनिटमध्ये गॅस कारखान्यातच भरलेला असतो. पाइप आणि इनडोअर युनिटमध्ये मात्र बाहेरची हवा आणि तिच्यातली वाफ असते. ती व्हॅक्यूम पंप लावून, गेजवर पाहत, निदान पंधरा-वीस मिनिटे ओढून काढावी लागते, आणि मगच गॅसचा व्हॉल्व्ह उघडायचा. एप्रिलमध्ये एका मेकॅनिकच्या वाट्याला दिवसाला इतकी घरे येतात की काही जण पंप आणतच नाहीत. थोडा गॅस सोडून हवा बाहेर हाकलतात. आत राहिलेला ओलावा तेलात मिसळतो आणि कॉम्प्रेसरचे आयुष्य खातो. हल्लीच्या बहुतेक एसींतला आर-32 गॅस थोडा ज्वलनशीलही आहे, त्यामुळे तो असा खोलीत सोडणे धोक्याचेच. जोडणीच्या दिवशी घरातल्या कोणीतरी समोर उभे राहून पंप आणि गेज आहेत ना, नट आवळल्यावर सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे तपासले ना, एवढे दोन प्रश्न जरूर विचारावेत.

चूक झाली असेल तर ती पुढे दिसते. सांध्याच्या खाली तेलकट डाग पडतो, बारीक पाइपवर बर्फ धरतो, महिन्या-दोन महिन्यांत गारवा कमी होतो. मग ‘गॅस संपला’ म्हणून भरून घेण्याचा सल्ला मिळतो. गॅस पेट्रोलसारखा वापरला जात नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतो आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणार.

आता स्टारकडे. हे चिन्ह ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, ही केंद्र सरकारची संस्था ठरवते. बाहेरचे तापमान 24 ते 43 अंशांच्या दरम्यान बदलत असताना वर्षाच्या 1,600 तासांत यंत्राने किती उष्णता बाहेर काढली आणि त्यासाठी किती वीज घेतली, यांचे गुणोत्तर काढतात. त्याला आयएसईईआर म्हणतात आणि त्यावरून स्टार मिळतात. पण स्टारची पायरी कायम नसते. 2018 पासून स्प्लिट एसीला 4.5 गुणोत्तरावर पाच स्टार मिळत. जुलै 2022 पासून त्यासाठी 5 लागू लागले. म्हणजे 4.6 गुणोत्तराचे यंत्र आधी पाच स्टारचे आणि नंतर चार स्टारचे. जानेवारी 2026 पासून निकष पुन्हा कडक झाले आहेत. उन्हाळ्याआधीच्या सेलमध्ये गेल्या वर्षीचा माल बऱ्याचदा निघतो, त्यामुळे लेबलवरचा कालावधी वाचल्याशिवाय स्टारची तुलना करू नये. जुना माल घेण्यात वावगे काही नाही, किंमत त्या मानाने उतरलेली हवी इतकेच.

माझ्या मते स्टारपेक्षा उपयोगी आकडा त्याच लेबलवर खाली असतो: वर्षाला लागणारी युनिटे. निकष बदलले तरी तो आकडा बदलत नाही. समजा, दीड टनाच्या तीन स्टार एसीवर 960 आणि पाच स्टारवर 745 युनिटे लिहिली आहेत. फरक 215 युनिटांचा, पण 1,600 तासांचा. तुम्ही उन्हाळ्यात शंभर रात्री आठ-आठ तास एसी लावत असाल तर तास होतात 800 आणि बचत सुमारे 107 युनिटांची. युनिटला 12 रुपये धरले तर वर्षाला 1,300 रुपयांच्या आत-बाहेर. दोन्ही यंत्रांच्या किमतीत सात हजारांचा फरक असेल, तर तो भरून निघायला पाच वर्षांहून जास्त काळ लागेल. हाच एसी दवाखान्यात किंवा दुकानात 1,600 तास चालणार असेल, तर तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. पाच स्टार सगळ्यांसाठी शहाणपणाचा असे सरसकट सांगणे म्हणूनच मला पटत नाही. तो जास्त वापराच्या घरासाठी आहे. एक जोड मात्र द्यावी लागेल: महावितरणचे बिल टप्प्यांनी चढते, म्हणून एसीची युनिटे वरच्या टप्प्यात जात असतील तर हिशेबात त्या टप्प्याचा दर धरावा.

लेबलवर वॅटमधली क्षमताही असते. दीड टन म्हणजे हिशेबाने सुमारे 5,275 वॅट, पण दीड टन म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांत पाच हजारांच्या खालचीही सापडतात. पश्चिमेच्या भिंतीची किंवा गच्चीखालची खोली असेल तर हा फरक जाणवतो.

एक्स्चेंजची ओळ सर्वांत शेवटी येते, आणि ती तपासायची रीतही सोपी आहे. दुकानदार 37,990 मधून जुन्या एसीचे 3,000 वजा करून 34,990 सांगतो. तेच मॉडेल शेजारच्या दुकानात, जुना एसी न देता, 36,000 ला मिळत असेल, तर तुमच्या जुन्या यंत्राचे खरे हजारच रुपये आले. त्यातल्या तांब्याचे भंगारवाला त्याहून जास्त देऊ शकतो. म्हणून आधी एक्स्चेंजशिवायची किंमत विचारावी. फलकावरच्या किमतीत एक्स्चेंज आणि बँकेची सूट आधीच वजा केलेली असते का, तेही विचारावे. पूर्ण 5,000 बहुधा चालू स्थितीतल्या, दोन्ही युनिटे आणि रिमोट असलेल्या एसीलाच मिळतात, आणि काढण्याची मजुरी कोणाकडे हेही ठरवून घ्यावे लागते.

जुना एसी काढताना मेकॅनिकने तो चालू ठेवून गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून घ्यायला हवा आणि मगच पाइप सोडवायला हवा. नळी कापून गॅस हवेत सोडणे चूक आहे. जुना पाइप नव्या यंत्राला जोडून पैसे वाचवण्याचा मोहही टाळावा: जुन्या आर-22 एसीपेक्षा आर-32 चा दाब बराच जास्त असतो आणि जुने तेल नळीत चिकटून राहते. तो पाइप तांब्याचा आहे आणि एक्स्चेंजच्या किमतीत बहुधा धरलेला नसतो, तेव्हा तो स्वतःकडे ठेवून वेगळा विकावा.