24 संध्याकाळी आणि दहावीचं गणित

दहावीचे बाकी विषय सुटलेत, गणित तेवढं राहिलंय आणि फेरपरीक्षेला चार आठवडे उरलेत, अशी कितीतरी नोकरदार माणसं असतात. समजा, कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी तिशीतली एक बाई आहे. घरी पोचून स्वयंपाक उरकला की रात्री नऊ ते दहा एवढाच वेळ तिचा. रविवार सोडले तर 24 तास हातात आहेत. बीजगणिताची सहा आणि भूमितीची सात अशी तेरा प्रकरणं त्यात बसवायची आहेत.

आधी प्रश्नपत्रिकेचा आराखडा बघावा. बीजगणित आणि भूमिती यांचे प्रत्येकी 40 गुणांचे, दोन तासांचे पेपर असतात. अंतर्गत 20 गुण धरून 100 पैकी 35 मिळाले की विषय सुटतो. प्रत्येक पेपरात पहिला प्रश्न 8 गुणांचा आणि दुसरा 12 गुणांचा. म्हणजे निम्मे गुण एकेका-दोनदोन गुणांच्या छोट्या उदाहरणांना आहेत. तिसऱ्या प्रश्नात चौकटी भरून पूर्ण करायची 3 गुणांची कृती असते, ती धरली तर 23 झाले. चार गुणांच्या अवघड शाब्दिक उदाहरणांशी झगडत पहिले दोन आठवडे घालवणं मला म्हणूनच चुकीचं वाटतं. आधी हे 23 गुण पक्के करावेत.

पहिल्या संध्याकाळी पुस्तक उघडायचंच नाही. एखादी जुनी प्रश्नपत्रिका घ्यावी आणि दोन्ही पेपरांचे पहिले दोन प्रश्न अर्ध्या-अर्ध्या तासात सोडवावेत. त्यातून प्रकरणांचे तीन गट पडतात: येतं ते, विसरलेलं आणि कधी समजलंच नव्हतं ते. दुकानात रोज बिलं करणाऱ्या या बाईला अर्थनियोजनातला जीएसटी फारसा जड जात नाही, त्रिकोणमिती मात्र पार पुसली गेलेली असते. वेळ सर्वांत जास्त द्यायचा तो विसरलेल्या गटाला, कारण तिथे एका तासात सर्वाधिक गुण परत मिळतात.

पुढच्या 11 संध्याकाळी प्रकरणांच्या. एक दिवस बीजगणित, एक दिवस भूमिती. येणारी प्रकरणं जोडीने उरकायची. तासाची पहिली दहा मिनिटं आधीच्या प्रकरणांची सूत्रं न बघता कागदावर लिहायची. सूत्र वाचताना सगळं येतंय असं वाटतं. खरंच येतं की नाही, ते पुस्तक मिटल्यावरच कळतं. मग चाळीस मिनिटं उदाहरणं आणि शेवटची दहा चुकांच्या वहीसाठी.

ही वही जपायला हवी. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचं: रीत सुचली नाही, सूत्र आठवलं नाही की आकडेमोड चुकली. उदाहरणार्थ, पहिल्या महिन्यात 200 रुपये बचत, पुढे दर महिन्याला 50 रुपये जास्त, तर वर्षाची बचत किती? बाराव्या महिन्याची रक्कम 200 + 11 × 50 = 750, म्हणून बेरीज 6 × (200 + 750) = 5700. कुणी 11 ऐवजी 12 ने गुणलं, तर तिथे सूत्र कच्चं आहे. कुणी 750 काढून थांबलं, तर पद मागितलंय की बेरीज हे नीट वाचलेलं नाही. पहिल्याला सूत्राचा सराव हवा, दुसऱ्याला प्रश्नातल्या ‘एकूण’ या शब्दाखाली रेघ मारायची सवय.

तिसऱ्या आठवड्यात प्रकरणं मिसळायची. एकाच सरावसंचातली दहा उदाहरणं सोडवताना रीत कोणती हे आधीच ठाऊक असतं. परीक्षेत वरती प्रकरणाचं नाव नसतं. तिथे समरूपता लावायची की पायथागोरसचं प्रमेय, हे आपणच ठरवायचं असतं. म्हणून रोज वेगवेगळ्या प्रकरणांतली आठेक उदाहरणं घ्यावीत. या आठवड्यात गुण घसरलेले दिसतील. त्याने घाबरून पुन्हा एकेक प्रकरण धरू नये.

चौथ्या आठवड्यात नवं काही नाही. दोन तासांचा पेपर एका तासात मावत नाही, म्हणून एका संध्याकाळी पहिले दोन प्रश्न आणि दुसऱ्या संध्याकाळी उरलेले तीन सोडवायचे; गुण 20-20 असेच विभागले जातात. दोन पेपरांना चार संध्याकाळी लागतात. राहिलेल्या दोनमध्ये चुकांची वही आणि भौमितिक रचना. रचनेच्या पायऱ्या ठरलेल्या असतात, पण कंपासचा स्क्रू ढिला असेल तर वर्तुळ जुळत नाही, तेव्हा तोही तपासावा.

रविवार मोकळे ठेवलेत ते बुडालेल्या संध्याकाळींसाठी. सणाच्या गर्दीत दुकान उशिरा बंद होतं, पोर तापाने फणफणतं. आठवड्यात एक संध्याकाळ बुडाली तर रविवारी भरून निघते. दोन बुडाल्या तर झोप मोडून दोन तास बसण्यापेक्षा ‘कधी समजलंच नव्हतं’ या गटातलं एक प्रकरण सरळ वगळावं. दुसऱ्या प्रश्नापासून पुढे निवडीची मुभा असते, त्यामुळे एवढी सूट झेपते.